अतिपरिचयादवज्ञा

हे वचन आम्ही वर्गात नेहमी तक्रारीच्या सुरात सांगतो. शरीराच्या बाबतीत मात्र अशी अवज्ञा म्हणजे वरदानच!

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना थोरली भावंडे अधिक, त्यांना गवताच्या परागांनी होणारी शिंकासर्दी कमी, असे आढळले. भावंडांमुळे जंतूंशी लवकर ओळख होत असावी, हा त्यांचा तर्क.

मग मोठेपणी ही ओळख करून देता येईल काय? जंतूंशी नव्हे, पण खुद्द परागांशी येते. १९११ सालीच लंडनच्या लिओनार्ड नून यांनी टिमथी गवताच्या परागांचा अर्क रुग्णांना टोचला. आरंभी अत्यल्प, मग चढत्या मात्रेने. डोळ्यात अर्काचा थेंब टाकून ते सोसण्याची शक्ती मोजीत.

आज हा उपचार साधारण तीन वर्षे चालतो. शरीरात आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. शिंका आणणाऱ्या प्रतिपिंडांआधीच दुसरी, निरुपद्रवी प्रतिपिंडे परागांना गाठतात. पण क्वचित टोचल्यावर श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. तेव्हा परिचय वाढवावा, पण बेताने आणि डॉक्टरांसमक्ष!