स्पष्ट दिसते म्हणून आठवण आपलीच?

“मला अगदी डोळ्यांसमोर दिसते, त्या अर्थी मी ते पाहिलेच असले पाहिजे,” हा युक्तिवाद बालपणाच्या आठवणींविषयी इतक्या ठामपणे आणि इतक्या वारंवार ऐकू येतो, की त्याचे खंडन करणाऱ्याचा धीर सुटावा. स्पष्टता हा स्वानुभवाचा पुरावा नव्हेच.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःचाच दाखला नमूद करून ठेवला आहे. पॅरिसच्या शाँझेलिझे या राजरस्त्यावर दाई आपल्याला बाबागाडीतून नेत असता एका इसमाने आपल्याला पळविण्याचा प्रयत्न केला, पट्ट्याने बांधलेले असल्यामुळे आपण त्याच्या हाती लागलो नाही, दाईच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले आणि आखूड झगा व पांढरा दंडुका असलेला पोलीस येताच तो इसम पळाला, हे सारे दृश्य त्यांना लख्ख दिसत असे. पियाजे सुमारे १५ वर्षांचे असताना त्याच दाईने त्यांच्या आईवडिलांना पत्र लिहून कबुली दिली, की ती हकीकत आपण रचली होती व ओरखडेही बनावट होते. बक्षीस मिळालेले घड्याळ तिने परत केले. आईवडिलांनी खरी मानलेली कथा बालपणी कानी पडून तिचेच दृश्य बनले असावे, असा निष्कर्ष पियाजे यांनी काढला. जे घडलेच नाही त्याच्या स्मृतीत पोलिसाचा दंडुकाही दिसत होता, हे ध्यानी घेतल्यावर तपशिलांच्या विपुलतेवर भिस्त ठेवणे सोडलेच पाहिजे.

मग शहानिशा कशी करावी? समजा, एखाद्या गृहस्थास धाकट्या बहिणीचे बारसे आठवते. प्रथम दोघांच्या जन्मतारखांवरून त्या वेळचे त्याचे वय काढावे. पहिल्या आठवणी सामान्यतः तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या असतात, म्हणून तो दीड वर्षाचा असल्यास दावा जवळजवळ निकालात निघतो. तो चार वर्षांचा असल्यास घरात सांगितली जाणारी हकीकत एका बाजूस लिहावी, स्वतःची आठवण दुसऱ्या बाजूस, आणि पहिलीत मुळीच नसलेले असे दुसरीत काय उरते ते पाहावे. पाळण्याखाली लपून बसल्याचे उरले, तर त्या दिवशी हजर असलेल्या आत्याला “मी तेव्हा कुठे होतो?” एवढेच विचारावे. उत्तर स्वतः सुचविले, तर तिची साक्ष निरुपयोगी ठरते. तिने आपण होऊन पाळण्याचा उल्लेख केला, आणि तो पूर्वी कधी कानावर आला नसेल, तरच आठवणीचे पारडे जड होते.

छायाचित्र प्रसंग घडल्याचे शाबीत करते, तो आपल्याला आठवतो हे नव्हे. दृश्यात आपण स्वतःला बाहेरून पाहत असलो तर ती आठवण उसनीच, हाही गैरसमज होय. खऱ्या आठवणीही पुष्कळदा तशाच दिसतात. आणि ऐकीव आठवण म्हणजे आप्तांनी केलेली फसवणूक, असे तर मुळीच समजू नये. प्रसंग अक्षरशः खरा असून त्याची स्मृती मात्र आजीची असू शकते.

स्वतंत्र साक्ष न मिळाल्यास आठवण ‘अनिर्णित’ या सदरी ठेवावी. बहुसंख्य आठवणी तेथेच राहतील.