श्व्यॉन्तेक की स्वियातेक?

2020 साली फ्रेंच ओपन जिंकलेल्या पोलंडच्या इगाचं आडनाव मराठीत स्वियातेक, श्वियाटेक असं वेगवेगळं छापलं जातं. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीत येतं Swiatek. मूळ पोलिश आडनाव आहे Świątek. गळलेल्या खुणांतच उच्चार होता. पहिलं अक्षर ‘स’ नव्हे, ‘श’. शेपटीवाला ‘a’ म्हणजे नाकातला ‘ओ’, जो ‘त’च्या आधी ‘ऑन्’ होतो. पोलिश ‘t’ दंत्य आहे, म्हणून ‘ट’ चूकच. ‘श’ला लागून आलेला ‘व’ बोलताना ‘फ’सारखा होतो. काटेकोर लिहायचं तर ‘श्फ्यॉन्तेक’. पण ते वाचताना डोळा अडखळतो. मी ‘श्व्यॉन्तेक’ निवडेन: श, ऑन् आणि त हे तिन्ही त्यात टिकतात.

खरी अडचण पुढे येते. क्रीडा पानावर एक रूप आणि पहिल्या पानावर दुसरं गेलं, की संगणकावर जुन्या बातम्या शोधताना निम्म्या सापडतच नाहीत. म्हणून नाव पहिल्यांदा येईल तेव्हाच मूळ भाषेतलं लेखन पाहावं, खेळाडूच्या स्वतःच्या तोंडचा उच्चार ऐकावा आणि ठरलेलं रूप सगळ्या उपसंपादकांच्या एकाच यादीत नोंदवावं. रूप बदलायचंच झालं, तर जुनंही त्याच नोंदीत ठेवावं.