बारा रुपयांतले सहा कुणाकडे राहावेत?

कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न हमखास येतो. मागच्या रांगेतला कुणी ज्येष्ठ भागधारक माइक हातात घेतो आणि विचारतो, "नफा एवढा झाला, मग लाभांश एवढाच का?" व्यासपीठावरून उत्तर येतं, "विस्तारासाठी पैसे राखून ठेवले आहेत." सभा पुढच्या विषयाकडे वळते. पण खरं विचारायचं तर राहूनच जातं: राखलेल्या पैशावर कंपनी किती कमावणार?

जेम्स वॉल्टर या अमेरिकी अभ्यासकाने १९५६ मध्ये नेमकं हेच धरून लाभांशाचं गणित मांडलं. त्यात दोन दर समोरासमोर ठेवायचे. एक, कंपनी नव्या गुंतवणुकीवर मिळवते तो परतावा. दुसरा, तेवढीच जोखीम घेऊन भागधारक स्वतः बाहेर मिळवू शकला असता तो परतावा. यालाच समभाग भांडवलाचा खर्च म्हणतात. बँकेतल्या मुदत ठेवीचा दर इथे चालत नाही, कारण ठेवीत शेअरएवढी जोखीम नसते.

एक उदाहरण घेऊ. पंप बनवणारी एक कंपनी आहे, शेअरमागे वर्षाला १२ रुपये कमावते. भागधारकांची अपेक्षा १२ टक्क्यांची. सगळा नफा वाटून टाकला तर दरसाल १२ रुपये हाती येत राहतील, आणि १२ टक्क्यांच्या हिशेबाने अशा शेअरची किंमत १०० रुपये होते.

आता कंपनीने सहा रुपये वाटले आणि सहा राखले. कारखान्यात ते १५ टक्क्यांनी कामाला लागले, तर त्यांतून दरसाल ९० पैसे येत राहतील. १२ टक्के मागणाऱ्या माणसाच्या लेखी या ९० पैशांच्या ओघाची आजची किंमत साडेसात रुपये. म्हणजे सहा ठेवले, त्यांचे साडेसात झाले. हा दीड रुपयाचा फायदा एकदाच होत नाही, दर वर्षी होतो; त्या सगळ्याची आजची किंमत साडेबारा रुपये. शेअर ११२.५० ला जातो. काहीच न वाटता बाराही रुपये राखले, तर १२५ ला.

तीच कंपनी नव्या पैशावर आठच टक्के मिळवत असेल तर चित्र उलटतं. सहा रुपयांतून वर्षाला ४८ पैसे, त्यांची किंमत चार रुपये. सहाचे चार झाले. दर वर्षी दोन रुपयांची ही घट शेअरला ८३.३३ वर आणते, आणि काहीच वाटलं नाही तर ६६.६७ वर. दोन्ही दर सारखे, बारा-बारा, असतील तर वाटा किंवा राखा, शेअर शंभरच.

वॉल्टरचं सूत्र हेच एका ओळीत सांगतं:

```
P = [D + (r/k)(E − D)] / k
```

इथे P ही शेअरची किंमत, E शेअरमागचा नफा, D लाभांश, r कंपनीचा परतावा आणि k भागधारकाची अपेक्षा.

सूत्र शब्दशः घेतलं तर उत्तर टोकाचंच येतं: सगळं राखा, नाहीतर सगळं वाटा. याचं कारण सूत्रातल्या गृहीतकांत आहे. कंपनी बाहेरून कर्ज किंवा नवं भांडवल घेत नाही आणि दोन्ही दर कधी बदलत नाहीत, असं वॉल्टरने धरलं. प्रत्यक्षात पहिला नवा कारखाना १५ टक्के देतो, दुसरा १२, तिसरा ८. जिथे परतावा बाराच्या खाली घसरतो, तिथे राखणं थांबवून वाटायला लागावं, असं मी या गणितातून घेते. करही सूत्रात नाही. भारतात एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या करपात्र उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे वरच्या टप्प्यातल्या करदात्याला हाती येणारे सहा रुपये सहाच राहत नाहीत.

सर्वांत जास्त चूक होते ती परतावा मोजताना. अहवालात छापतात तो सगळ्या भांडवलावरचा सरासरी परतावा. आपल्याला हवा फक्त नव्या पैशावरचा. तो काढायला पाच वर्षांचे अहवाल पुरतात. आपल्या कंपनीचं शेअरमागे भांडवल आधी ८० रुपये होतं आणि नफा १२, म्हणजे १५ टक्के. पाच वर्षांत दरसाल सहाप्रमाणे ३० रुपये राखले आणि नफा १४.४० झाला. ११० रुपयांवर १४.४० म्हणजे १३ टक्क्यांहून थोडं जास्त; बाराच्या वर आहे म्हणून सभेत कुणी हरकत घेत नाही. पण वाढलेले २.४० रुपये राखलेल्या तिसांवर मोजले की आठ टक्के निघतात, आणि सहाचे चार होत आहेत हे तेव्हा कळतं.