दोन विती पडदा

खामगावहून अकोल्याला सिनेमा पाहायला जायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटरचा प्रवास. तिकीट मोबाइलवर आधीच काढलेलं असतं आणि बहुतेक घरांत बोट आपोआप सगळ्यात मागच्या रांगेवर जातं. ही सवय आपल्याला बाल्कनीने लावली. जुन्या टॉकीजमध्ये स्टॉलची जमीन जवळजवळ सपाट असायची, पुढच्याचं डोकं मध्ये यायचं. ते टाळायचं तर वर बाल्कनीत बसा आणि जास्त पैसे मोजा. तिथे ते योग्यच होतं. आताच्या हॉलमध्ये मात्र प्रत्येक रांग पायरीवर असते, डोक्याचा प्रश्न उरलेला नाही. तरीही मागची सीट ती भारी सीट, हा हिशेब आपण सोडलेला नाही.

चित्र किती मोठं दिसतं हे पडद्याच्या फुटांवर नाही, तर तो आपल्या डोळ्याशी किती अंशांचा कोन करतो यावर ठरतं. अमेरिकेतल्या सिनेतंत्रज्ञांच्या संस्थेने हा कोन निदान ३० अंश असावा असं सुचवलं आहे. टीएचएक्स या चित्रपटगृहांच्या मानांकनात ३६ अंशांचा आग्रह आहे. माझ्या मते ४० ते ४५ अंशांत खरी मजा आहे. तिथे चित्र नजर भरून टाकतं आणि तरी मान न फिरवता दोन्ही कडा दिसतात. ६० अंशांच्या पुढे गेलं की डावीकडचा बोलतो आणि उजवीकडचा ऐकतो, एवढं पाहायलाही डोकं हलवावं लागतं.

सीटचा नकाशा फुटांत काही सांगत नाही, पण त्यातून अंदाज काढता येतो. समजा, एका रांगेत २० सीटा आहेत आणि दोन वाटा. एक सीट साधारण २२ इंचांची, म्हणजे सीटांचे ३७ फूट झाले. दोन वाटांचे ८ फूट धरले की हॉल ४५ फूट रुंद. दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून पडदा ३६ फुटांच्या आसपास असणार. पहिली रांग पडद्यापासून १५ फुटांवर आणि पुढची प्रत्येक रांग ४ फूट मागे, अशा १३ रांगा धरू. पाचव्या रांगेत कोन ६० अंश येतो, आठवीत ४५, नववीत ४२, अकरावीत ३६ आणि शेवटच्या तेराव्या रांगेत जेमतेम ३२. म्हणजे सगळ्यात महाग रिक्लायनरवर पाय पसरून बसणाऱ्याला चित्र सगळ्यात लहान दिसतं. पहिल्या रांगेची अडचण उलटी आहे. १५ फूट उंच चित्राची वरची कड पाहायला नजर ४५ अंश वर न्यावी लागते. ३५ अंशांच्या वर गेलं की मान अवघडते, म्हणून पहिल्या दोन रांगा सोडाव्यात.

आवाजाचा हिशेबही जवळपास त्याच जागी येऊन थांबतो. हॉलची ध्वनियंत्रणा जुळवताना मायक्रोफोन साधारणपणे पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मध्याच्या आसपास ठेवतात. आपल्या हॉलमध्ये ती आठवी रांग. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून, पडद्याच्या बारीक छिद्रांतून येतात, त्यामुळे ते कुठेही बसलं तरी बरे ऐकू येतात. बिघडतो तो भोवतालचा आवाज. भिंतीलगतच्या सीटवर जवळचा स्पीकर ८ फुटांवर, तर पलीकडच्या भिंतीवरचा ४३ फुटांवर असतो. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. म्हणून दूरचा आवाज जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतो. कान आधी आलेल्या आवाजाचीच दिशा खरी मानतो. मग पाऊस चहूकडे न पडता एकाच कानाशी पडतो. मागच्या भिंतीला टेकलेल्या रांगेत खर्जाचा घुमारा वाढतो, ढोल-ताशाच्या गाण्यात तो चटकन जाणवतो.

म्हणून नकाशावर आधी ‘स्क्रीन’ कुठे लिहिलंय ते पाहा. काही ठिकाणी ए रांग पुढे असते, काही ठिकाणी मागे. तिथून दोन तृतीयांश रांगा मोजा आणि मधल्या सात-आठ सीटांतली जागा धरा. सोबत गुडघे दुखणारी आजी असेल तर याच रांगेतली वाटेकडची सीट घ्या, आवाजात थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल.

हा सगळा अंदाज आहे. रांगांमधलं अंतर आणि पडद्याची रुंदी हॉलगणिक बदलते. खात्री करायला आपली वीत आहे. हात समोर ताठ धरून बोटं फाकवली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत सुमारे २० अंश होतात. हात लांब असला तर वीतही मोठी असते, त्यामुळे लहान-थोर सगळ्यांना हे माप चालतं. चित्र दोन विती भरलं तर जागा उत्तम. दीड वीत भरलं तर पुढच्या वेळी दोन-तीन रांगा पुढे सरका. तीन विती झाल्या तर मागे या.

दिवे मालवल्यावर पहिली जाहिरात लागते, तेव्हाच हे माप घ्या आणि स्क्रीनचा नंबर व रांगेचं अक्षर मोबाइलमध्ये लिहून ठेवा.