पूर्ण पोझिशन हलवण्याआधी

समजा, नागपुरातल्या ट्रेडरने निफ्टी 24,000 वर असताना 24,500 चा कॉल 80 ला आणि 23,500 चा पुट 70 ला विकला. हाती आले 150 पॉइंट. निफ्टी 24,400 वर गेला, कॉल 190 झाला, पुट 20 वर आला. दोन्ही पाय मोडून वर सरकवले, तर 60 पॉइंटचा तोटा तिथेच पक्का होतो आणि वरची बाजू पुन्हा उघडीच राहते. त्याऐवजी 24,700 चा कॉल 110 ला घेतला, की एक्स्पायरीला वरचा तोटा 160 वर थांबतो, मार्जिनही घटते. किंमत मोठी आहे: कमाल नफा आता फक्त 40. पुट मात्र उघडाच असतो. 23,460 खाली तोटा सुरू.