लाल रेषा कोणती, हिरवी कोणती?

जुलै लागला की म्हैसूरमध्ये रोज एक आकडा विचारला जातो: आज केआरएस किती? कावेरीवरच्या कृष्णराज सागर धरणाची पूर्ण पातळी १२४.८० फूट. कोडगूच्या डोंगरांत पाऊस धरला की पातळी चढू लागते आणि टीव्हीवर, मोबाइलवर तिचे आलेख फिरू लागतात. आपल्याकडे कोयना किती टीएमसी झालं याची जशी वाट बघतात, तसंच हे. त्या आलेखात बहुधा दोन रेषा असतात, गेल्या वर्षीची आणि यंदाची. काळ्या किंवा गडद निळ्या पडद्यावर गेल्या वर्षीची लाल आणि यंदाची हिरवी काढायचा मोह प्रत्येक ग्राफिक्सवाल्याला होतो. हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे कमी, हे संकेत हातात इतके बसलेले असतात. कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, तिच्यात लाल ठिपका आणि हिरवा ठिपका. सहा-सात सेकंदांत आलेख येतो आणि जातो.

लाल-हिरव्या रंगांधतेचा प्रेक्षक त्या सहा सेकंदांत काय बघतो? त्याला दोन मळकट, पिवळसर-तपकिरी रेषा दिसतात. धरण गेल्या वर्षीपेक्षा भरलेलं आहे की रिकामं, एवढीच बातमी होती आणि नेमकी तीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. लांब लहरींना, मध्यम लहरींना आणि आखूड लहरींना प्रतिसाद देणाऱ्या. पहिल्या दोन प्रकारांची रंगद्रव्यं ठरवणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात. पुरुषाकडे हे गुणसूत्र एकच, त्यामुळे त्यात बिघाड असला तर भरून काढायला दुसरं नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या साधारण आठ जणांना लाल-हिरव्यात कमी-जास्त अडचण असते, बायकांत दोनशेंत एखादीला. भारतात पुरुषांमधलं प्रमाण याहून कमी आढळतं, तरी मोठ्या कॉलेजच्या एका वर्गात असा एखादा मुलगा असणारच. बहुतेकांत एक प्रकारची पेशी पूर्ण गायब नसते. तिची संवेदना दुसरीच्या फार जवळ सरकलेली असते. म्हणून त्यांना रंग दिसतात, पण काही जोड्या एकमेकींत मिसळतात.

आता त्या दोन रेषांचं गणित करून बघू. प्रत्येक रंगाची एक उजळता मोजता येते. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांचा बनतो, आणि उजळतेत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७ असतो. दोन रंगांचा कॉन्ट्रास्ट काढायचं सूत्र असं:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

L1 ही दोघांतली जास्त उजळता, L2 कमी. काळ्याची ०, पांढऱ्याची १, म्हणून काळ्यावर पांढरा २१ येतो. वेबसाठीच्या सुलभता निकषांत लहान मजकुराला किमान ४.५ आणि आलेखातल्या रेषांसारख्या चित्रघटकांना किमान ३ लागतो. व्हिडिओलाही हाच मापदंड लावायला हरकत नाही.

शुद्ध लाल `#FF0000` काळ्यावर मोजला तर ५.२५ येतो. नेहमीचा गडद हिरवा `#008000` काळ्यावर ४.१. दोन्ही पास. कोणत्याही तपासणी साधनात टाका, हिरवी खूण मिळेल. पण लाल आणि हिरवा एकमेकांशी मोजा: १.२८. म्हणजे उजळतेच्या दृष्टीने त्या जवळजवळ एकच रेषा आहेत. त्यांना वेगळं ठेवणारी गोष्ट फक्त रंगछटा, आणि नेमकी तीच या प्रेक्षकाकडे दुबळी. मला वाटतं, या विषयातली सगळ्यात मोठी गफलत इथे होते. आपण प्रत्येक रंग पार्श्वभूमीशी तपासतो आणि निर्धास्त होतो. प्रेक्षकाला मात्र रेषा पार्श्वभूमीपासून नाही, दुसऱ्या रेषेपासून वेगळी करायची असते.

जपानमधल्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी रंगांधांनाही वेगळे ओळखता येतील असे आठ रंग निवडून दिले. त्यातले नारिंगी `#E69F00` आणि निळा `#0072B2` घेऊ. काळ्यावर नारिंगी ९.३, निळा ४.०५, आणि एकमेकांशी २.३. छटेतही फरक, उजळतेतही. नारिंगीच्या जागी त्याच संचातला पिवळा `#F0E442` घेतला तर निळ्याशी ३.९ मिळतो, म्हणजे तिनाची रेघही ओलांडली. मी केआरएसच्या आलेखासाठी हीच जोडी निवडेन: यंदाची रेषा पिवळी, गेल्या वर्षीची निळी.

इथे एक खड्डा आहे. त्याच संचात एक आकाशी आहे, `#56B4E9`. गडद पडद्यावर तो निळ्यापेक्षा छान उठतो, म्हणून हात तिकडे जातो. पण आकाशी आणि नारिंगी एकमेकांशी मोजले तर १.०२ येतो. लाल-हिरव्या रंगांधतेत ही जोडी छटेने वेगळी दिसते हे खरं, पण उजळतेचा आधार पूर्ण गेला. संच चांगला असला तरी त्यातली कुठलीही जोडी चांगली असेलच असं नाही. आणि पार्श्वभूमी पांढरी केली की चित्र पुन्हा उलटतं: नारिंगी पांढऱ्यावर जेमतेम २.२५, म्हणजे पुसट. तिथे त्याच संचातला शेंदरी `#D55E00` घ्यावा लागतो.

उजळतेवर एवढा भर देण्यामागे व्हिडिओचं स्वतःचं एक कारण आहे, आणि ते रंगांधतेपलीकडचं. मोबाइलवर किंवा यूट्यूबवर पोचणारा जवळपास प्रत्येक व्हिडिओ ४:२:० पद्धतीने साठवलेला असतो. उजळतेची माहिती पूर्ण ठेवतात, रंगाची मात्र लांबी-रुंदी दोन्हीकडे निम्मी. १९२० × १०८० च्या चित्रात रंगाचे नमुने ९६० × ५४० इतकेच. दोन पिक्सेल जाडीची लाल रेषा काढली, तर तिच्या रुंदीला रंगाचा जेमतेम एक नमुना येतो, आणि तो शेजारच्या रंगात फासला जातो. वर दाबून लहान केलेली फाइल असेल तर बघायलाच नको. रंगाने सांगितलेली गोष्ट व्हिडिओमध्ये सगळ्यांसाठीच आधी पुसट होते. उजळतेने सांगितलेली टिकते. म्हणून आलेखाच्या रेषा फुल एचडीत सहा पिक्सेलहून बारीक ठेवू नयेत असं माझं मत आहे.

तरीही फक्त रंगजोडीवर थांबू नये. कोपऱ्यातली ती ठिपक्यांची चौकट काढून टाकावी. छापील पानावर वाचक रेषेकडून चौकटीकडे आणि परत असा फिरू शकतो. चालू चित्रात तेवढा वेळ नसतो. त्याऐवजी प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाशीच 'यंदा' आणि 'गेल्या वर्षी' असं लिहावं, शक्यतो पांढऱ्या अक्षरांत. गेल्या वर्षीची रेषा तुटक करावी, आणि तुकडे लांब ठेवावेत. तीन-चार पिक्सेलचे तुकडे दाबलेल्या व्हिडिओत एकमेकांत मिसळतात. वीस-पंचवीस पिक्सेलचे टिकतात. रेषा डावीकडून वाढत जाताना तुकडेही सरकले तर पडद्यावर नुसती झिलमिल होते. म्हणून रेषा आधी पूर्ण काढून ठेवावी आणि तिच्यावरचा मास्क सरकवत ती उघड करावी.

आवक आणि विसर्गाचे बाण हे त्याच बातमीतलं दुसरं अंग. आत येणाऱ्या पाण्याला हिरवा बाण, बाहेर जाणाऱ्याला लाल, असं केलं आणि दोन्ही बाण आकड्यांशेजारी एकाच दिशेने उभे ठेवले, की पुन्हा तोच घोळ. बाण धरणाच्या चित्रात शिरताना आणि चित्रातून बाहेर पडताना दाखवले तर रंगाची गरजच उरत नाही. मग ते दोन्ही पांढरे ठेवले तरी चालतात.

हे सगळं पडद्यासमोरच्या माणसाबद्दल झालं. पडद्यामागेही रंगांध माणूस असू शकतो, हे आपल्याकडे न्यायालयात जाऊन ठरवावं लागलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१५ साली निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधतेमुळे चित्रपट-संपादनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश नाकारला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगांध विद्यार्थ्यांना तिथल्या कोणत्याही अभ्यासक्रमातून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. माझ्या मते ग्राफिक्स विभागात असा सहकारी असणं हा फायदाच आहे. त्याला आलेख दाखवून 'यंदाची रेषा कोणती?' एवढं विचारलं तरी बऱ्याच चुका प्रसारणाआधी पकडल्या जातात.

असा सहकारी नसेल तर पहिली चाचणी रंग काढून टाकण्याची:

```
ffmpeg -i dharan.mp4 -vf hue=s=0 karda.mp4
```

करड्या चित्रातही दोन रेषा वेगळ्या वाचता आल्या, तर उजळता आणि आकार आपलं काम करत आहेत. पण या चाचणीत एक गोष्ट सुटते. लांब लहरींच्या पेशी नसलेल्या माणसाला लाल रंग आपल्यापेक्षा बराच काळपट दिसतो. काळ्यावरच्या लाल अक्षरांचा वर काढलेला ५.२५ हा आकडा त्याच्यासाठी खरा नाही. त्याला ती अक्षरं पार्श्वभूमीत बुडालेली दिसतात. करडं चित्र हे दाखवत नाही. त्यासाठी फोटोशॉपमध्ये View मेनूतल्या Proof Setup खाली दोन प्रकारच्या रंगांधतेची नक्कल बघता येते, आणि अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Simulate color space हा पर्याय असतो. एक धोका लक्षात ठेवायचा: ही नक्कल म्हणजे गणिती अंदाज. तिच्यात नापास झालेली जोडी खात्रीने बदलावी, पास झालेली मात्र एकदा खऱ्या माणसाला दाखवावी.

काही ठिकाणी रंग आपल्या हातात नसतात. भारतीय हवामान विभागाचे इशारे हिरवे, पिवळे, नारिंगी आणि लाल ठरलेले आहेत, ते आपण निळे करू शकत नाही. कोडगूला रेड अलर्ट लागला की दोन-तीन दिवसांत केआरएसची आवक वाढणार, म्हणून म्हैसूरकर तो नकाशा डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि त्यात लाल जिल्हा हिरव्याला लागून असू शकतो. तिथे छटा तीच ठेवून उजळता बदलता येते: हिरवा अगदी फिका, लाल चांगला गडद. जिल्ह्यांमधली सीमारेषा पांढरी आणि जाड. लाल जिल्ह्यावर तिरप्या रेघा, आणि आत पांढऱ्या अक्षरांत 'कोडगू – रेड अलर्ट'. निवेदक जिल्ह्याचं नाव उच्चारेल त्याच क्षणी तो जिल्हा नकाशात किंचित मोठा करावा आणि वाक्य संपेपर्यंत तसाच ठेवावा.