हजेरीपटातला कोरा चौकोन

दिवाळीच्या मागेपुढे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर लागू लागतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. भांडीकुंडी, पाल, कोंबड्या आणि लेकरं ट्रॉलीत चढतात आणि टोळी कारखान्याच्या वाटेला लागते. गावात म्हातारी माणसं उरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गात निम्म्या बस्करपट्ट्या मोकळ्या पडतात आणि गुरुजींच्या टेबलावरच्या हजेरीत काही ओळी अचानक थांबतात.

या थांबलेल्या ओळींचं काय करायचं, हा प्रश्न ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गुरुजींपुढे दरवर्षी येतो. बाहेरच्याला तो क्षुल्लक वाटेल. पण त्या चौकोनात रेघ मारायची, 'अ' लिहायचा, की तो कोरा ठेवायचा, यावर वर्गाची टक्केवारी, खिचडीचा तांदूळ आणि पाडव्याला परतणाऱ्या पोराची शाळा अवलंबून असते.

आधी हजेरी कशी असते ते पाहू. लांबोडकं बाड. डावीकडे अनुक्रमांक, जनरल रजिस्टरचा नंबर, जन्मतारीख आणि नाव. पुढे एकतीस उभे रकाने. शेवटी मागील हजर दिवस, चालू महिन्याचे हजर दिवस आणि एकूण. तळाशी रोजची हजर मुलं, मुली आणि बेरीज. रविवारच्या रकान्यात लाल शाईनं वरून खाली 'रविवार' लिहिलेलं. प्रस्तुत लेखकानं पाहिलेल्या एका शाळेत सकाळी नाव पुकारल्यावर हजर पोरापुढे एक तिरपी रेघ पडते. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा हजेरी होते, तेव्हा तिला छेदणारी दुसरी रेघ पडते. दोन्ही मिळून फुली होते. म्हणजे फुली हा पूर्ण दिवस, आणि एकटी तिरपी रेघ म्हणजे पोरगं खिचडी खाऊन घरी गेलं! गैरहजर असेल तर 'अ'. हे तिथले गुरुजी सांगतात. शेजारच्या शाळेत याच खुणा वेगळ्या असू शकतात. म्हणून त्यांनी बाडाच्या पहिल्या पानावर खुणांचा खुलासा लिहून ठेवलाय आणि खाली सही केलीय. आपली बदली झाली तरी मागून येणाऱ्याला कळावं म्हणून.

हा खुलासा किती कामाचा आहे, हे त्यांना एकदा चांगलंच कळलं. हजेरीची माहिती संगणकावर भरायला दिली, तेव्हा भरणाऱ्या पोरानं फुली म्हणजे चूक, चूक म्हणजे गैरहजर, असा सरळ अर्थ लावला. महिनाभर रोज पूर्ण वेळ बसणारी मुलगी कागदावर महिनाभर गैरहजर झाली आणि खिचडी खाऊन पळणारा तिच्या पुढे गेला. चूक पोराची नव्हती. त्याला कुणी पहिलं पान दाखवलंच नव्हतं.

आता खरा तिढा. समजा तिसरीचा पट २८ आहे. नोव्हेंबरात कामाचे दिवस २०. आठ मुलं महिन्याच्या आधीच आईबापाबरोबर कारखान्यावर गेली. गावात राहिली २०. शिवाय एके दिवशी गुरुजी केंद्रावर शिक्षण परिषदेला गेले. शाळा दोन शिक्षकी, दुसरे गुरुजी रजेवर. शेजारच्या अंगणवाडीताईंनी पोरं सांभाळली, पण हजेरी घेतलीच गेली नाही. अर्धे दिवस सोडून देऊ, हिशेब सोपा राहील. हजेरी झालेल्या १९ दिवसांत गावातल्या वीस पोरांच्या मिळून ३४२ फुल्या पडल्या. ३४२ ला १९ नं भागलं की रोजची सरासरी येते १८.

आता टक्केवारी काढा. पट २८ धरला तर १८ म्हणजे ६४ टक्के. गावात असलेली २० मुलं धरली तर ९० टक्के. एकच वर्ग, एकच महिना. पहिला आकडा पाहून साहेब विचारणार, 'गुरुजी, पोरं शाळेत का येत नाहीत?' दुसरा पाहून म्हणणार, 'वा!' दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत. गावात असलेली पोरं शाळेत येतात का, हा एक प्रश्न. गावची सगळी पोरं शाळेत आहेत का, हा दुसरा. हजेरीत त्या आठ ओळी वेगळ्या ओळखू आल्या तरच दोन्हींची उत्तरं मिळतात. आठही जणांपुढे एकोणीस-एकोणीस 'अ' घातले, तर कारखान्यावर गेलेलं पोर आणि ओढ्यात खेकडे धरत बसलेलं पोर एकसारखं दिसतं. पहिल्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय बघायला हवी, दुसऱ्याच्या घरी सांजच्याला एक चक्कर पुरते.

म्हणून या गुरुजींची रीत अशी: गेलेल्या पोराच्या ओळीत गेल्या तारखेपासून महिनाअखेरपर्यंत एक लांब आडवी रेघ मारायची आणि तिच्यावर लिहायचं, 'स्थलांतरित', कुठल्या कारखान्यावर ते गाव, आणि शिक्षण हमी पत्रक दिलं असेल तर ती तारीख. हे पत्रक दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं पोराला बसवून घ्यायचं असतं. नाव मात्र पटावरून काढायचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाहीच. पण आईबापांना कायदा कुठला ठाऊक? ट्रॉलीत चढताना एक आई एवढंच सांगून गेली होती, "गुरुजी, पोराचं नाव तेवढं ठिवा. पाडव्याला आम्ही येतोच की."

राहिला तो हजेरी न झालेला दिवस. तो रकाना उभाच्या उभा कोरा. तळाची बेरीजही कोरी. गुरुजींनी पेन्सिलनं लिहिलं, 'हजेरी झाली नाही', आणि खाली कारण. आता हे संगणकावर चढवताना कोऱ्या जागी कुणी ० टाकला, तर ३४२ ला १९ ऐवजी २० नं भागलं जातं आणि सरासरी १८ ची १७.१ होते. संगणकाचा यात काही दोष नाही. Excel मध्ये AVERAGE वापरलं तर तो कोरा चौकोन सोडून देतो, पण शून्य दिसलं की ते हिशेबात धरतो. कोरं म्हणजे 'माहीत नाही'. शून्य म्हणजे 'मोजलं, कुणीच नव्हतं'. पण कोरा चौकोन भरणाऱ्याच्या डोळ्याला खुपतो, त्याला वाटतं आपलंच काम राहिलं, आणि तो शून्य दाबून मोकळा होतो.

याच्या उलट दिशेनं भरलं, तर मात्र भानगड मोठी होते. पहिली ते पाचवीच्या पोराला शालेय पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरला जातो. त्या आठ ओळींत आडव्या रेघेऐवजी फुल्या पडल्या, तर १५२ फुल्या होतात आणि त्या १५ किलो २०० ग्रॅम तांदळाच्या होतात. एका वर्गाच्या, एका महिन्याच्या. तो तांदूळ शिजलेला नसतो आणि खाणारं पोर दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतं.

हा मोह नवा नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं आणि अट होती ८० टक्के हजेरीची. म्हणजे वीस दिवसांत सोळा खुणा. पंधरावर अडकलेल्या पोराची आजी पिशवी घेऊन दारात उभी राहिली, की गुरुजींचा हात कोऱ्या चौकोनाकडे जायचाच. एका निवृत्त गुरुजींनी हे न लाजता कबूल केलं. "तीन किलो तांदळासाठी म्हातारीला माघारी कसं लावायचं?" त्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. पण त्याच वर्षाच्या हजेरीवरून ते पोर खरंच किती दिवस शाळेत आलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि ही सोळाव्या खुणेची ओढाताण संपली.

मागाहून भरलेली हजेरी ओळखायची कशी? मुरलेले केंद्रप्रमुख आकड्यांआधी शाई बघतात. रोज घेतलेल्या हजेरीत शाई बदलते, हात बदलतो, रेघ कधी जाड कधी बारीक पडते. एका बैठकीत भरलेल्या पानावर सगळ्या रेघा एकाच तिरक्या, एकाच दाबाच्या. मग ते बाजारचा वार बघतात. आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी पडतेच. जिथं ती पडत नाही तिथं ते थांबतात. मग स्थानिक सुट्टीच्या दिवशी फुल्या आहेत का ते. शेवटी बेरीज. ओळींच्या आडव्या बेरजा आणि रकान्यांच्या उभ्या बेरजा सारख्याच आल्या पाहिजेत. आमच्या उदाहरणात दोन्हीकडून ३४२. मागाहून चार फुल्या घुसवल्या असतील, तर माणूस ओळीची बेरीज सुधारतो आणि तळाचा आकडा सुधारायचं विसरतो. मात्र ही बेरीज सगळं पकडत नाही. पान मुळातच बसून रचलं असेल, तर दोन्ही बेरजा बिनचूक जुळतात.

तिथं पोरंच मोजावी लागतात. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली. पटावरची लाखो नावं वर्गात सापडली नाहीत. त्यांत निव्वळ अनुदानासाठी लिहिलेली नावं होती, तशी ऑक्टोबरात गाव सोडून गेलेल्यांचीही असणार. ज्यांच्या हजेरीत आडवी रेघ आणि कारखान्याचं गाव होतं, त्यांना निदान दाखवायला काही तरी होतं.

सुरुवातीला सांगितलेल्या शाळेत मागच्या हंगामातल्या आठ रेघांपैकी सहा पाडव्यानंतर थांबल्या आणि त्यांच्यापुढे पुन्हा फुल्या सुरू झाल्या. सातव्या रेघेपुढे दुसऱ्या शाळेनं मागितलेल्या दाखल्याचा नंबर आहे. आठवी अजून तशीच चालू आहे. गुरुजींनी तिच्यावर पेन्सिलनं मुकादमाचं नाव लिहिलंय. येत्या आठवड्यात ते त्याच्या घरी जाऊन विचारणार आहेत.